सबटास्कातली शर्मिला

खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत शर्मिला गजभियेचं नाव घेतलं नाही असा दिवस जात नसे. कुणाचा कोड अडला, कुणाची चाचणी फसली, की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "शर्मिलाकडे टाक." टाक म्हणजे कसं, तर जणू घंटागाडी दारात उभी आहे!

तिचे वडील भीमराव नागपूरकडून खडकीला कारखान्यात नोकरीला आले आणि येरवड्यात स्थिरावले. हाती घेतलेलं काम अर्धवट सोडायचं नाही, ही त्यांची शिस्त. लेकीने ती उचलली आणि वर आपली एक भर घातली: काम कुणाचंही असो, अर्धवट दिसलं की आपण घ्यायचं. आई नंदा म्हणायची, "अगं, तुला पगार एकटीचाच मिळतो ना?" शर्मिला हसून सोडून द्यायची.

कंपनीचं सॉफ्टवेअर होतं मार्केट यार्डातल्या वाहतूकदारांसाठी. व्यापाऱ्याने फोनवरून टेम्पो ठरवायचा, ड्रायव्हरने लायसन्सचा फोटो चढवायचा, वगैरे. टीमचं लीडपद रिकामं झालं होतं आणि ते शर्मिलालाच मिळणार, असं चहाच्या मशीनपाशी सगळे बोलत. तिनेही ते घरी सांगून टाकलं होतं. भीमरावांनी तर शेजारी पेढे कुठले आणायचे यावर चर्चाही सुरू केली होती.

अशात तेजस नावाचा नवा मुलगा रुजू झाला. मॅनेजर दिगंबर सहस्रबुद्धे यांनी त्याला शर्मिलाच्या शेजारी आणून बसवलं. "याला आपला टास्क प्लॅटफॉर्म समजावून सांगा. आपण छान सांगता." सहस्रबुद्धे स्तुती करताना नेहमी घड्याळाकडे बघत.

तेजसने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅम, तिकीट म्हणजेच टास्क ना? इथे दोन्ही शब्द ऐकतोय."

"मॅम नको, ताई म्हण. आणि तिकीट हा वेगळा प्रकार नाही. इथे जी नोंद उघडशील तिला एक नंबर मिळतो, ती तिकीट. टास्क हेही तिकीट, एपिक हेही तिकीट. सगळे रोजच्या बोलण्यात घोळ घालतात, तू घालू नकोस."

"मग एपिक म्हणजे?"

तिने पडद्यावर 'ड्रायव्हर नोंदणी' उघडलं. "हे एपिक. मोठं काम, एका स्प्रिंटमध्ये संपत नाही. स्प्रिंट म्हणजे आपला दोन आठवड्यांचा टप्पा. या एपिकखाली टास्क येतात: लायसन्सचा फोटो चढवणं हा एक, मोबाइल नंबर तपासणं हा दुसरा. टास्क एका माणसाच्या नावावर असतो आणि एका स्प्रिंटमध्ये संपावा असा बेताचा ठेवतात."

"आणि सबटास्क?"

"टास्कच्या पोटातलं काम. फोटो चढवायच्या टास्कमध्ये 'रेंज नसताना काय होतं ते बघणं' हा सबटास्क. तो दुसऱ्या माणसाला देता येतो. पण त्याला स्वतंत्र संसार नाही. टास्क ज्या स्प्रिंटमध्ये, त्याच स्प्रिंटमध्ये तो. टास्क पुढे ढकलला की हाही मागोमाग."

"सुनेसारखं."

"लग्न झालंय का तुझं?"

"नाही."

"मग गप्प बस आणि बघ."

तेजस हसला, बघू लागला. मुलगा चौकस. त्याने हळूच माउस हातात घेतला आणि वरच्या पट्टीत नावं निवडून कुणाचे किती टास्क पूर्ण झाले ते बघू लागला. टीममधल्या सौरभच्या नावावर लांबलचक रांग. निकिताच्या नावावरही बऱ्यापैकी. मग त्याने शर्मिलाचं नाव निवडलं. पडदा कोरा.

"ताई, तुमचं काहीच दिसत नाही. आपण नव्या आहात का?"

चहाच्या मशीनपाशी उभं राहून ही गोष्ट सांगणारे इथे हसतात. शर्मिला हसली नाही. तिला कारण ताबडतोब कळलं, आत्ताच तर तिने ते समजावलं होतं. कुणी अडलं की ती म्हणायची, "तुझ्या टास्कखाली माझ्या नावाने एक सबटास्क टाक, बघते." बघायची, सोडवायची, बंद करायची. वरचा टास्क सौरभच्या नावाने पूर्ण व्हायचा. स्वतःच्या नावाने टास्क घ्यायला तिला उसंतच मिळत नसे. तिची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या टास्कच्या पोटात घडी घालून ठेवलेली होती.

ती तडक सहस्रबुद्ध्यांकडे गेली. "सर, लीडसाठी जो अहवाल जातो, त्यात सबटास्क धरतात का?"

"नाही. टास्क मोजल्यावर सबटास्कही मोजले तर एकच काम दोनदा येईल. हिशेब फुगेल."

"मग टास्कमधलं काम कुणी केलं म्हणायचं?"

"ज्याच्या नावावर टास्क आहे त्याने. सोपं आहे."

"ते मी केलंय, सर. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे हो. पण वर माझी माहिती जात नाही, अहवाल जातो."

"सबटास्कचा स्वतंत्र टास्क करता येतो. जुने मी बदलून घेते."

सहस्रबुद्ध्यांनी पहिल्यांदाच घड्याळाऐवजी तिच्याकडे बघितलं. "बंद झालेल्या स्प्रिंटला हात लावायचा नाही. जुने आकडे हलले तर मला उत्तर द्यावं लागेल. आणि शर्मिला, आपण पूर्वी कधी काही बोलला नाहीत. आम्हाला वाटलं, आपल्याला हेच आवडतं."

शुक्रवारी लीडपद सौरभला मिळालं. त्याने केक कापला, पहिला तुकडा शर्मिलाला भरवला आणि म्हणाला, "हिच्याशिवाय मी शून्य!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं बोलल्याबद्दल इतक्या टाळ्या त्या ऑफिसात पूर्वी कुणाला मिळाल्या नव्हत्या. घरी भीमरावांनी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "पुढच्या वेळी बघू म्हणाले." शेजारी पेढ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

सोमवारी स्वस्त फोनवर लायसन्सचा फोटो उलटा चढू लागला. सौरभने सवयीने आपल्या टास्कखाली तिच्या नावाचा सबटास्क टाकला. शर्मिलाने आपलं नाव काढलं आणि खाली लिहिलं, 'माझ्या नावाने स्वतंत्र टास्क उघडावा.'

सौरभ उठून आला. "अगं, एवढंसं तर काम आहे."

"एवढंसंच आहे, तर तू कर."

"असं काय करतेस? टीम आहे ना आपण?"

"टीम आहे. म्हणून तर टास्कच्या बोर्डावर माझंही नाव दिसू दे."

टास्क काही उघडला गेला नाही. सौरभने दोन दिवस डोकेफोड केली आणि स्प्रिंट संपताना तो टास्क अपुरा राहून पुढच्या स्प्रिंटमध्ये गेला. सहस्रबुद्ध्यांनी सौरभला एक शब्द विचारला नाही. शर्मिलाच्या मूल्यमापनात मात्र एक ओळ आली: सहकार्यवृत्ती कमी झाली आहे. मशीनपाशीही ठरलं, पद नाही मिळालं म्हणून बाई बिघडली. निकिता म्हणाली, "काय गोड होती पूर्वी!" गोड म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात तेजसला त्याचा पहिला टास्क मिळाला आणि तो पहिल्याच दिवशी अडला. खुर्ची सरकवत आला. "ताई, नंबर तपासायला जातो, ओटीपी दोनदा येतोय. एक सबटास्क तुमच्या नावाने टाकू?"

शर्मिलाने त्याच्या पडद्यावर नजर टाकली. चूक तिला तिथल्या तिथे दिसली. बोट लावून दाखवावी इतकी जवळ.

"नको," ती म्हणाली. "लीडला विचार."

"सौरभसरांना नाही येत, ताई."

"मग ते त्याला सांग."

तेजस खुर्ची परत ओढत आपल्या जागी गेला. शर्मिलाने कानांवर हेडफोन चढवले. त्यात गाणं लावलेलं नव्हतं. त्यामुळे तेजस एकेक चुकीचा उपाय करून बघताना स्वतःशी काय पुटपुटतो आहे, ते तिला संध्याकाळपर्यंत नीट ऐकू येत राहिलं.