व्यंकटचं तेलाचं फडकं

नांदेडच्या आमच्या तंत्रनिकेतनात व्यंकट फिटर होता, मी लेथवर. मूळचा मुखेडकडचा. बोलणं कमी, हात साफ. कुठलंही काम तेलाच्या फडक्यानं पुसल्याशिवाय तो पुढे देत नसे. घरच्या विळ्यालाही तेच फडकं.

त्या वर्षी भांडारातून स्टीलच्या पट्ट्या गायब होत होत्या. चावी व्यंकटकडे. कुणी तोंडावर बोलत नव्हतं, पण तो आला की चहाच्या टपरीवरच्या गप्पा थांबत.

त्यातच आमच्याकडे शिकवणाऱ्या उज्ज्वला मॅडमनी वर्गात दाखवायला त्याच्याकडून एक बीम करून घेतला. खाली स्टीलची पट्टी, वर अ‍ॅल्युमिनियमची, दोन्ही सारख्या, मधे चिकटद्रव्य. मीटरभर अंतराच्या टेकूंवर ठेवून मधोमध पाच किलो टांगले. हिशेबानं बीम दीड मिलिमीटरच्या आसपास वाकायला हवा होता. वाक मोजायला खाली लावलेल्या डायलनं पावणेपाच दाखवले.

मॅडमनी व्यंकटकडे पाहिलं. "मामा, खालची पट्टी कोणती घातली?"

"भांडारातलीच, मॅडम."

"भांडारातलीच, की बाजारातली हलकी?"

व्यंकटचा चेहरा उतरला. "मी काय पट्ट्या खाऊन राहिलो का?"

खरं सांगायचं तर मलाही संशय आला. मॅडमनी व्हर्निअर लावला. जाडी बरोबर. चुंबक चिकटला. मग मी फळ्यावरच्या त्यांच्या हिशेबाकडे वळलो. "मॅडम, तुमचंच काही चुकलं नसंल?"

त्यांनी राग न धरता पुन्हा मांडलं. स्टील अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जवळपास तीनपट ताठ. म्हणून कागदावर स्टीलच्या जागी तितक्याच पट रुंद अ‍ॅल्युमिनियम धरायचं. जाडी तीच ठेवायची. मग सगळा छेद एकाच धातूचा समजून हिशेब करायचा. "फक्त," त्या थांबल्या, "दोन्ही पट्ट्या एकमेकींवर घसरता कामा नयेत."

त्यांनी सुईनं बीमच्या कडेवर, टोकाशी, दोन्ही पट्ट्यांवरून एक उभी सरळ रेघ ओढली. वीस किलो टांगले. भिंग लावलं. रेघ सांध्यावर तुटून बाजूला सरकली होती.

"पट्टी खरी आहे. सांधा धरलाच नाही. चिकटवण्याआधी काय केलं, मामा?"

"नेहमीसारखं. पुसलं."

"कशानं?"

व्यंकटनं खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं पट्ट्या सोडवल्या, पॉलिश पेपरनं घासल्या, थिनरनं धुतल्या, पुन्हा चिकटवल्या. या वेळी डायल दीडच्या जरा पुढे थांबला.

भांडारातल्या पट्ट्यांचा छडा कधी लागला नाही. टपरीवरच्या गप्पा त्यानंतरही थांबायच्या. पण त्यानंतर व्यंकट काही चिकटवायचा, तर टोकाशी स्वतः रेघ ओढून, वजन टांगून मॅडमना बोलवायचा. "बघून घ्या," म्हणायचा आणि त्यांनी भिंग लावेपर्यंत तिथून हलत नसे.