वगळलेल्या दोन ओळी

१९८८ च्या डिसेंबरमध्ये, एका गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास, घाटकोपरच्या आमच्या घरात माझ्या पंचवीस दिवसांच्या मुलीने दूध घेणे थांबवले आणि तिचे अंग गार पडले.

ती आठव्या महिन्यात जन्मली होती. जन्माचे वजन चौदाशे पन्नास ग्रॅम. उपनगरातल्या ज्या रुग्णालयात ती जन्मली, तिथे बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या दोनच होत्या आणि एकेका पेटीत दोन-दोन बाळे असत. बालविभागाच्या डॉक्टरीणबाईंनी परदेशी नियतकालिकात एक पद्धत वाचली होती. दक्षिण अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पेट्या कमी पडल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाळे आयांच्या उघड्या छातीवर बांधली. कांगारू पिलाला पिशवीत ठेवते तशी. प्रकृती स्थिरावलेल्या बाळांसाठी बाईंनी तेच सुरू केले.

माझ्या बायकोला सिस्टरने हे तीन दिवस शिकवले. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. बाळ दोन स्तनांच्या मध्ये उभे, मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित वर, म्हणजे श्वास मोकळा राहतो. हनुवटी छातीवर टेकता कामा नये. पाय बेडकासारखे फाकलेले, हात दुमडलेले. वरून मऊ सुती लुगड्याची घडी, वरची कड बाळाच्या कानाखाली. छातीपाशी घट्ट, पोटापाशी सैल. आईने पाठीला उशा लावून अर्धवट टेकून झोपायचे. दर दोन तासांनी दूध: आधी अंगावर, ओढायला दमली की पिळून काढलेले दूध वाटी-चमच्याने. आई अंघोळीला गेली की बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी छातीवर. त्या दुसऱ्या कुणामध्ये मी होतो.

"शर्ट काढा," सिस्टर मला म्हणाली. "लाजताय काय? तिला काय कळतंय तुमच्या छातीवर केस आहेत ते!"

डॉक्टरीणबाईंनी घरी जाणाऱ्या कुटुंबांसाठी सूचना लिहून काढल्या होत्या. दाट अक्षरात साडेतीन पाने. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे हे कळल्यावर त्यांनी ती माझ्याकडे दिली. छपाईच्या एका स्टेन्सिलवर बसायला हवे होते, म्हणजे एक पान. मी ते काम एका दुपारी केले. पुनरुक्ती काढली, वाक्ये तोडली. "दिवसातून चार वेळा बाळाचे पोट आणि तळपाय हाताने पाहावेत, दोन्ही गरम असावेत" हे वाक्य बाळ बांधण्याच्या पद्धतीच्या परिच्छेदात आलेले होते. धोक्याच्या खुणांच्या यादीत पुन्हा पाय आणि पोट होते, शिवाय शांत पडून राहणारे बाळ. यादीतल्या त्या दोन ओळी मी वगळल्या. यादीत ताप, धाप, श्वास थांबणे, झटके, ओठ निळे पडणे, तळवे पिवळे होणे, दूध न घेणे राहिले. बाई ओपीडीत होत्या, त्यांनी उभ्या उभ्या पान पाहिले आणि छापायला सांगितले. प्रती निघाल्या. एक आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवली.

एकोणिसाव्या दिवशी सोळाशे वीस ग्रॅमवर मुलगी घरी आली.

त्या गुरुवारी माझी रात्रपाळी होती, म्हणून मी दिवसा घरी होतो. सकाळी अकराला माझ्या आईच्या माहेरच्या चार बायका सिंधुदुर्गातून बाळ बघायला आल्या. छातीला बांधलेले मूल दाखवायचे कसे, असा आईचा प्रश्न होता. तिने मुलीला सोडवले, तेल लावले, झबले, त्यावर स्वेटर, त्यावर कुंची चढवली आणि पाळण्यात ठेवले. मी पेपर आणायला गेलो होतो. परतलो तेव्हा बायको म्हणाली, "तासाभराचंच आहे ना." पाहुण्या दोनला उठल्या.

एकच्या दुधाला बाळ झोपलेले होते. आईने उठवू दिले नाही. तीनला बायकोने पदराआड घेतले. बाळाने तोंड उघडले नाही. चमच्यातले दूध ओठांच्या कडेने खाली आले.

"ताप बघ गो," आई म्हणाली. तिने स्वतःच कपाळाला हात लावला. "ताप नाय, काय नाय. निजलीहा पोर. निजांदे."

बायकोने दारावरचे पान वाचले. "दूध न घेणे लिहिलंय, आई."

"रडत नाय मगे काय? भूक असती तर रडली असती."

मी कुंची काढली. स्वेटर काढला. आतले झबले कोरडे होते आणि त्याखालचे पोट गार होते. तळपाय त्याहून गार. एवढ्या कपड्यांच्या आत ती गार पडली होती. मी शर्ट काढला, तिला छातीवर घेतले, बायकोने वरून लुगडे आणि शाल बांधली. टोपी घातली. मग मी बायकोला बॅगेतली साडेतीन पाने काढायला सांगितली. मूळ हस्तलिखित मी परत केलेले नव्हते.

तिने शेवटचे पान उभ्याने वाचले. "अंग गार पडणे हे तापाइतकेच वाईट. छातीशी धरूनही तासाभरात पोट आणि पाय गरम झाले नाहीत तर रुग्णालयात आणावे. शांत पडून राहणारे, उठवूनही न उठणारे बाळ शहाणे नव्हे, आजारी समजावे." तिने दाराकडे पाहिले. "हे तिथे का नाही?"

"मी काढलं."

मी घड्याळ पाहिले. तीन वीस. तासभर धरून पाहू, असे मी म्हणालो.

"तास कशाला?" बायको म्हणाली. "दूध घेत नाही ना? हाक मारली तर डोळा उघडत नाही. निघा."

"उघड्या अंगान रिक्षेत बसतलस?" आईने विचारले.

"हो."

"मगे थांब जरा." तिने माझ्या पाठीवर आपली शाल टाकली आणि पुढून बाळावर ओढून घेतली. "नाक उघडा ठेव तिचा."

रिक्षात बायको दर मिनिटाला बाळाच्या नाकाशी बोट नेत होती. मला छातीवर तिचा श्वास जाणवत होता. मध्ये दोनदा जाणवला नाही. दोन्ही वेळा बायकोने तळपाय चोळला आणि श्वास पुन्हा सुरू झाला. रिक्षावाल्याने मागे पाहिले आणि काही न विचारता वेग वाढवला.

रुग्णालयात पावणेचारला पोहोचलो. अंगाचे तापमान साडेचौतीस अंश सेल्सिअस; साडेछत्तीसच्या खाली नको असते. टाचेतून काढलेल्या रक्तात साखर कमी. जंतुसंसर्गाचा संशय धरून अँटिबायोटिक सुरू झाले, सलाइनमधून ग्लुकोज, नंतर नाकातल्या नळीने दूध.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी वगळलेल्या ओळींचे सांगितले.

"पान मीही पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "तासभर थांबलात का?"

"नाही. हिने थांबू दिलं नाही."

"दूध घेत नसेल तर तास मोजायचाच नसतो. तेही नीट लिहायला हवं होतं मी." त्यांनी सिस्टरला उरलेल्या प्रती आणायला सांगितल्या. वाटलेल्या अकरा प्रतींचे पत्ते वॉर्डच्या वहीत होते. सिस्टरने आणि मी ते पत्ते वाटून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघरी जाऊन त्या ओळी प्रतींवर हाताने लिहून दिल्या. जोगेश्वरी आणि मुलुंडची घरे माझ्याकडे आली. अकराही घरी बाळे ठीक होती.

आमची मुलगी पहिले तीन दिवस पेटीत होती. चौथ्या दिवशी श्वास सलग राहिल्यावर तिला पुन्हा बायकोच्या छातीवर बांधले. आई रोज दुपारी येऊन दोन तास तिला घेत असे. चोळी काढून, आडोशाला पडदा लावून. बाजूच्या खाटेवरच्या बाईने हसून पाहिले तेव्हा आई तिला म्हणाली, "बघतस काय? तुझ्या सासूक पण बोलव."

सातव्या दिवशी सकाळी नळी काढली. दुपारी दोनला मुलीने अंगावर नऊ मिनिटे दूध ओढले. तळपाय गरम होते. वजन सोळाशे साठ ग्रॅम.