फाट्याचा तास

आमच्या घरात एक प्रश्न अर्धवट विचारायला बंदी आहे. "स्टेशनला किती वेळ लागतो?" असं कुणी म्हटलं की मी उत्तर देत नाही, उलट विचारते, कुठून निघणार, कशानं जाणार आणि दिवसाच्या कोणत्या वेळी? नांदेडला विमानं उतरायला लागल्यापासून पाहुणेमंडळी फोनवर विमानतळाचंही असंच विचारतात. "अंदाजे सांग की," म्हणतात. अंदाजालासुद्धा बूड लागतं. माणसं वैतागतात, मी खुशाल वैतागू देते. माझं लग्न याच प्रश्नापायी एका जीपच्या चार रिकाम्या जागांवर येऊन अडकलं होतं.

आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची गोष्ट. वारंगा फाट्यावर बाबांचं एसटीडीचं दुकान होतं. पिवळी पाटी, काचेची खोली, आत एक फोन आणि बाहेर एक बाकडं. फाटा म्हणजे चहूकडून येणाऱ्या माणसांची उतरायची जागा, त्यामुळे फोन करणाऱ्यांपेक्षा रस्ता विचारणारेच आमच्याकडे जास्त. त्यातला ठरलेला प्रश्न नांदेड स्टेशनचा, आणि बाबांचं ठरलेलं उत्तर, "तासभर."

हा तास बाबांनी कुठून आणला ते मला पक्कं माहीत होतं. कधीकाळी ते पहाटे दुधाच्या रिकाम्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून नांदेडला गेले होते. रस्ता मोकळा, गाडी कुठं थांबली नाही, आणि ड्रायव्हरचंच स्टेशनापाशी काम असल्यानं त्यानं थेट दारात सोडलं. त्या दिवशी नांदेड एका तासावर आलं ते कायमचं. पुढं मोंढ्याच्या दिवशी कुणी विचारो, भरदुपारी विचारो, सेनगावाकडून फोन करून विचारो, बाबा तासभरच सांगायचे. एकटे बाबाच नव्हेत, अख्खा फाटा असाच होता. आमच्या माणसांना वाटायचं की जगातला प्रत्येक प्रवास फाट्यावरूनच सुरू होतो.

माझा साखरपुडा झालेला होता. मुलगा हिंगोलीपलीकडच्या पुसेगावचा, फौजेत होता. आम्ही एकमेकांशी बोललो असू ते एवढंच की त्यानं विचारलं, "चहात साखर किती?" आणि मी सांगितलं, "ज्याची त्यानं घ्यावी." उत्तर जरा तिखट गेलं म्हणून माय महिनाभर मला बोलत होती. लग्न उन्हाळ्यात, त्याच्या पुढच्या सुट्टीत ठरलं होतं. ही सुट्टी संपत आली होती. वेळेवर हजर झाला तर पुढची सुट्टी मिळेल, उशीर झाला तर नाही, असं त्याच्या वडिलांनी साखरपुड्यातच दोनदा बजावून सांगितलं होतं. सुट्टी गेली तर लग्न वर्षभर लांबणार होतं. आणि मला ते लांबायला नको होतं. घरात असं बोलायची सोय नव्हती, म्हणून इथं बोलते.

त्याच्या निघण्याच्या आदल्या दिवशी फोन आला. मी बाहेर बाकड्यावर होते, बाबांनी उचलला. "हां, हां, तासभर लागतं," म्हणाले आणि ठेवून दिला.

"कोणाचा होता?"

"जावईबापूचा. नांदेड स्टेशनला किती येळ लागतो इचारून राहिले होते."

"कुठून निघणार, कशानं येणार, ते इचारलं का?"

"त्यायनं सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई," बाबा म्हणाले. "स्टेशन काय जागा बदलते का?"

मी कपाळावर हात मारला. पुसेगावाहून हिंगोली, हिंगोलीहून कळमनुरी, तिथून फाटा आणि मग नांदेड. त्यात गाडी बदलायची, थांबायचं. मी लगेच पुसेगावच्या बूथवर उलटा फोन लावला. नुसती रिंग जात राहिली. संध्याकाळपर्यंत लावत राहिले. माय म्हणाली, "जीव नको काढू, फौजी माणूस हाय. जाईल बराबर."

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा-नाष्टा आटोपला आणि हिंगोलीकडून नांदेडला जाणारी एसटी फाट्यावर थांबली. तिच्यातून आधी काळी ट्रंक उतरली आणि मग तो उतरला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पायात चप्पल एकाच पायाची होती हे मला नंतर कळलं. पण आनंदाच्या मागोमाग शंका आली. ही गाडी तर सरळ नांदेडला चालली होती. मग हा इथं काहून उतरला?

एसटी निघून गेली. त्यानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मामा, गाडीला लई येळ हाय. तुमी तासभर म्हणले, म्हणून म्हटलं, इथं जरा टेकावं."

बाबा फुलून गेले. आत्या दोन दिवसांपूर्वी सिद्धेश्वरहून गुडघ्याचं तेल घेऊन आली होती, ती चौकशीला पुढं सरसावली. मायनं चहा टाकला, मग पोहे टाकले, मग पुन्हा चहा. या खेपेला साखर मीच घातली आणि तो न विचारता प्यायला. आत्यानं त्याच्या पलटणीच्या स्वयंपाक्यापासून सगळं विचारून घेतलं. मी दारापाशी उभी राहून ऐकत होते. इतका छान वेळ चालला होता की गाडी किती वाजताची हे विचारायचं मलाही सुचलं नाही. शेवटी मायनंच विचारलं, आणि त्यानं सांगितली ती वेळ ऐकून मी हातातली बशी खाली ठेवली.

मी मनात उलटं मोजायला लागले. गाडी सुटायच्या आधी फलाटावर असायला हवं. जीप शहराच्या तोंडाशी सोडते, तिथून स्टेशनला ऑटो. त्याआधी अर्धापुरात उतारू चढणार, उतरणार. त्याआधी खुद्द रस्ता, तोच बाबांचा तास. आणि त्याच्याही आधी जीप भरायला हवी. बाबांच्या तासात ही भरायची वेळ कधी धरलेलीच नव्हती, कारण दुधाची गाडी भरावी लागत नाही.

"आता निघा," मी पहिल्यांदाच त्याच्याशी सरळ बोलले. तो उठलाच.

जीपपाशी गेलो तर चाचा, म्हणजे ड्रायव्हर, टपावर हात टेकून पान खात होते. सकाळी कोर्टाचे, दवाखान्याचे लोक असतात, तेव्हा जीप डोळ्यांदेखत भरते. भरदुपारी नांदेडला जायला कुणाचं काय अडलंय? त्यातून तो बाजाराचा दिवस होता, माणसं फाट्याकडे येत होती, फाट्यावरून कुणी हलत नव्हतं. पुढची एसटी दुपार कलल्यावर होती. ट्रक होते, पण हळदीच्या पोत्यांनी वाकलेले, ते चढावर आमच्या आत्यासारखे चालायचे.

"चाचा, कवा निघणार?" बाबांनी विचारलं.

"बस, और चार सीट होना. चार सीट आये के निकले."

"चार सीट कवा येतील?"

"वो मेरेकू क्या मालूम?" चाचा म्हणाले. खरं बोलणारा माणूस फाट्यावर तो एकच होता.

फौजी आपल्या ट्रंकेवर बसला. चेहऱ्यावर काही दाखवत नव्हता, पण मनगटावरचं घड्याळ फिरवत होता. बाबा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होते, जणू चार माणसं आभाळातून पडणार होती. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. सुट्टी, लग्न, मांडव, सगळं चार जागांवर येऊन थांबलेलं त्यांनाही आता दिसत होतं. मला रडू यायचं ते हसू आलं. चार! मी बोटं मोजली. बाबा, माय, आत्या आणि मी.

"बाबा, दुकान बंद करा. आपुन बसू."

"येडी का काय तू?"

"चार सीट पायजे ना? आपुन चारच हाव."

आत्या म्हणाली, "मला काहून नेता? माझा चहा व्हायचाय." मायनं तिच्या हातातून कप काढून घेतला. चाचांनी सुचवलं की चार सीटचे पैसे द्या, मी निघतो. त्यावर बाबांचा खरा स्वभाव जागा झाला. "रिकाम्या शिटेचे पैसे? त्यापरीस माणसं नेतो," असं म्हणून त्यांनी खाडकन शटर ओढलं. मी धावत घरात जाऊन दुसरी चप्पल घातली. आत्याला मागून दोघांनी ढकललं आणि जीप निघाली.

मी त्याच्या समोरच्या बाजूला. मध्ये ट्रंक, ट्रंकेवर आत्याचे पाय. वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं, तरी आत्या बोलत होती. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो आणि लगेच बाहेरच्या कापसाकडे बघायचो. बाबा ड्रायव्हरशेजारी बसून रस्त्यावरच्या प्रत्येक बैलगाडीला हातानं बाजूला सारत होते. अर्धापुरात माणसांनी हात दाखवला, चाचांचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. फाट्याच्या हिशोबानं भरलेल्या जीपमध्ये अजून तिघं सहज मावतात. "भरली हाय!" बाबा बाहेर डोकं काढून ओरडले. मघाशी चार उतारूंसाठी रस्ता धुंडाळणाऱ्या बाबांनी लोकांना गाडीत घेऊ नका म्हणावं, हे बघून माय तोंडाला पदर लावून हसत होती.

शहराच्या तोंडाशी दोन ऑटो केले. स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी फलाटावर उभी होती. त्यानं डबा शोधला, बाबांनी ट्रंक आत ढकलली, आणि ट्रंकेमागून तो चढतो न चढतो तोच गाडी हलली. मी दाराच्या बाजूनं चालत होते.

"दर खेपेला अकोल्याहून गाडी धरता ना तुमी?" मी विचारलं. साखरपुड्यात त्याच्या वडिलांनी सांगितलेलं हे मला जीपमध्येच आठवलं होतं. "मंग औंदा नांदेडहून काहून?"

"अकोल्याच्या रस्त्यावर फाटा न्हाई," तो म्हणाला.

मी थांबले. गाडी गेली. मायनं विचारलं, काय म्हणाला गं, तर मी म्हटलं, साखर बराबर होती म्हणाले.

दोन-तीन दिवसांनी त्याचा फोन आला, वेळेत हजर झाल्याचा. उन्हाळ्यात सुट्टी मिळाली. लग्न फाट्यावरच, दुकानामागच्या मोकळ्या जागेत. वऱ्हाड पुसेगावाहून येणार होतं. बाबांनी निरोप धाडला होता, पण या वेळी तास सांगितला नव्हता, नुसतं "सांभाळून या" म्हणाले होते.

त्या सकाळी मी अजून केस विंचरत होते, अक्षतांची पांढरी साडी घडीतच होती, मांडवाला एका बाजूनं कापड लागायचं होतं, आणि बाहेर गलका झाला. वऱ्हाडाचा ट्रक येऊन उभा राहिला होता. बाबा धांदलीत पुढं धावले.

"जावईबापू, इतक्या लवकर? अजून कशाचा पत्ता न्हाई."

"मामा, तुमचा तास धरला," तो म्हणाला, "आन् त्याच्यात जीप भरायची येळ मिळवली."

बाबा इतके मोठ्यानं हसले की मला आतल्या खोलीत ऐकू आलं. माय मला लवकर आवर म्हणत होती, आत्या पिना शोधत होती. मी मात्र फणी हातात धरून तशीच बसले. माझ्यासाठी कुणीतरी वेळेच्या कितीतरी आधी येऊन बाहेर उभं होतं.