दुसरा मेल

मेल गेला आणि मग मी तो वाचला. आधी वाचायचा असतो हे मला कळत नव्हतं असं नाही. पण पोरगी मांडीवर किंचाळत होती, दाढा येत होत्या तिच्या, अंग गरम, आणि मला वाटलं पाठवून टाकू, एक काम संपेल. बटण दाबलं. खाली काळी पट्टी आली, त्यावर परत घ्यायचं बटण होतं, पण तेवढ्यात पोरीने फोन ओढला आणि तोंडात घातला. हिसकून घेतला तोवर पट्टी गेली होती.

मग वाचला. माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं, बारावी अर्धी राहिली. पण स्कूल शब्द मला येतो. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, तुमच्या नामांकित शाळेत काम करायची संधी द्यावी.

मी शाळेत अर्जच केला नव्हता. तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजला केला होता. गाड्या भरताना माल बघायचा, नोंद ठेवायची, असं काम. शेवटचा दिवस तोच, संध्याकाळी पाचपर्यंत. आणि घड्याळात साडेतीन झाले होते.

हे मार्केटात माथाडी, पाठ धरली तेव्हापासून घरात पडून. डॉक्टर म्हणाले ओझं उचलायचं नाही, आता कधीच नाही. मला काम लागलं नाही तर तळवलीची खोली सोडून साताऱ्याला गावी जायचं असं घरात ठरल्यासारखंच होतं. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं एवढंच. सासूबाईंनी दोन पोती बांधूनसुद्धा ठेवली होती. म्हणायच्या, जुनी भांडी हायत, अशीच बांधलीत.

चूक सायबरवाल्याची, पण अर्धी माझी. घणसोलीत त्याचं दुकान. रेझ्युमे करून देतो, पीडीएफ करतो, आणि मेलमध्ये लिहायचं एकच पत्र त्याच्याकडे आहे, सगळ्यांना तेच. नर्सला तेच, ड्रायव्हरला तेच. वर नाव बदलतो, हुद्दा बदलतो, बाकी कोण वाचतंय. माझ्या आधी कोणीतरी बालवाडीसाठी आली असणार. त्याने ते माझ्या मेलात चिकटवून ठेवलं आणि म्हणाला, घरी जाऊन एकदा बघा आणि सोडा. मी बघितलं होतं. बघितलं म्हणजे, लांबच्या लांब इंग्रजी दिसलं आणि बरं वाटलं.

हे पडल्या पडल्या म्हणाले, "काय झालं? मेलीस का जिवंत आहेस?"

"मेल चुकीचा गेला."

"मग परत आण."

"पोष्टमन आहे का तो, गल्लीत गाठायला?"

पोरीला सासूबाईंच्या ओटीत टाकली आणि वर धावले. आमच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर एक ताई राहतात. तुर्भ्यालाच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहेत. नोकरीसाठी येणारे मेल आधी त्याच उघडतात, चाळतात, मग साहेबांकडे देतात. मंगळवारी त्यांची सुट्टी असते. तो मंगळवार होता म्हणून मी हे आज लिहितेय.

ताई मेथी निवडत होत्या. हात पुसून फोन घेतला आणि वाचायला लागल्या. हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

"शाळा सोड," म्हणाल्या. "शाळा नसती तरी मी हा मेल पुढे दिला नसता."

"का?"

"अगं, बघ ना. दहावी पास, रेझ्युमेत आहे. कॉम्प्युटरचा कोर्स, रेझ्युमेत आहे. मराठी हिंदी इंग्रजी, रेझ्युमेत आहे. मेहनती, प्रामाणिक, ते तर सगळेच लिहितात, चोर पण लिहितो. एकच गोष्ट दोनदा कोण वाचेल? मी मेल फोनवर उघडते, जेवता जेवता. चार ओळी दिसतात. त्यात नवीन काही असेल तर खालची फाईल उघडते. नाहीतर पुढचा."

"मग आता गेलंच ना."

"गेलं कसं? पाचपर्यंत आहे. दुसरा पाठव."

मला ते माहीतच नव्हतं, दुसरा पाठवता येतो ते. मला वाटायचं एकदा अर्ज केला की केला. ताई म्हणाल्या, आमच्याकडे लोक दोनदा पाठवतात, दुसरा बरा असला की पहिल्याकडे कोण बघतं. फक्त त्या पहिल्यालाच उत्तर देऊन नको पाठवूस, खाली जुना चिकटून जाईल, शाळेसकट. नवीन मेल घे. विषयात कामाचं नाव आणि तुझं नाव लिही, पुढे सुधारित अर्ज. पहिली ओळ अशी, मघाचा मेल चुकून वेगळ्या पत्रासोबत गेला, कृपया हा धरावा. झालं. माफी एकदाच, रडायचं नाही.

मग म्हणाल्या, "आता सांग. आधीच्या कामावर काय करायचीस?"

"पॅकिंग आणि लोडिंग. द्राक्षाच्या पेट्या मोजायचे."

"ते रेझ्युमेत आहे. रेझ्युमेत नाही ते सांग."

मी म्हणाले, तसं काहीच नाही ताई, मी काय, पेट्या मोजायचे. त्या मेथी निवडत बसल्या. मग म्हणाल्या, "बरं, ओरडा कधी खाल्लास?"

ओरडा लगेच आठवला. एकदा दुपारी थंड गाडी लागली होती भरायला. पुढच्या बाजूला आकडा दिसतो, तो बरोबर होता, सुपरवायझर म्हणाले भरा. मी आत चढले तर घामच सुकेना. तो आकडा म्हणजे किती थंडी हवी ते लावलेलं होतं, आत तेवढी झालीच नव्हती. ड्रायव्हरने मशीन नुकतंच चालू केलं होतं. मी थर्मामीटर आत धरला, अठरा डिग्री. द्राक्ष त्यात गेलं असतं तर पोचेपर्यंत पाणी सुटलं असतं. मी पेट्या थांबवल्या. सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलले, तू मालकीण आहेस का. पेट्या परत थंड खोलीत नेल्या, दीड तास गाडी गार होईपर्यंत सगळे माझ्याकडे बघत बसले. नंतर आठवड्याने त्यांनीच वही लावली, भरायच्या आधी आतलं तापमान लिहायचं. मला कोणी काही बोललं नाही. मी तो फक्त अपमान म्हणून लक्षात ठेवला होता.

ताईंनी मेथी खाली ठेवली.

"हे तू रेझ्युमेत का नाही घातलंस?"

"ओरडा घालतात का रेझ्युमेत?"

तेव्हा हसल्या. म्हणाल्या, तिथे नको, इथे घाल. ती माणसं गाड्या भरतात ना, त्यांना हेच वाचायचंय.

मी बोलत गेले, त्या साध्या इंग्रजीत टाईप करत गेल्या. मोठा शब्द आला की मी थांबवायचे, कारण मला विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे. त्यापण म्हणाल्या, बरोबर आहे, तुझ्या तोंडचं वाटलं पाहिजे. गाडीचं तीन ओळीत बसलं. मग एक ओळ, तळवलीला राहते, सकाळी सहाची पाळी चालेल, सोमवारपासून येऊ शकते. जाहिरातीत सहाची पाळी लिहिली होती, म्हणून.

मग आमचं भांडण झालं. भांडण म्हणजे मी हट्ट केला. मी म्हणाले, दोन वर्षं घरी होते त्याचं लिहू. ताई म्हणाल्या, कशाला आपणहून बाळाचं काढतेस, वाचणारा बिचकतो, मी रोज बघते. मी म्हणाले, रेझ्युमेत तारखा आहेत, दोन वर्षांचं भोक सरळ दिसतंय, काय समजतील, आजारी होते की काढून टाकलं. आणि आत बोलावलं की पहिलं तेच विचारतील, मग माझी बोबडी वळेल, मला माहीत आहे माझं. लिहिलेलं असेल तर निदान तोंडाने सांगायचं वाचेल.

ताई म्हणाल्या, "मग अर्धी ओळ. गोष्ट नाही."

अर्धी ओळ लिहिली. दोन वर्षं लहान मुलीसाठी घरी होते, आता ती सासूबाईंकडे असते. खाली नाव आणि फोन. ताईंनी फाईलचं नाव पण बदललं, सायबरवाल्याने फायनल नवीन तीन असं ठेवलं होतं, तिथे माझं नाव घातलं. फाईल जोडली का ते मला दोनदा बघायला लावलं. सगळा मेल फोनच्या एका पानात मावत होता. चार चाळीसला गेला. या वेळी पोरगी खाली होती.

रात्री हे म्हणाले, "शाळेतून आधी उत्तर आलं तर शाळेत जा." मी उशी फेकून मारली, मग आठवलं पाठ दुखते, मग परत घेऊन पाठीखाली दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. अकराला या, ओरिजिनल कागद आणा. मी ते पाच वेळा वाचलं, सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांना इंग्रजी येत नाही तरी. त्या म्हणाल्या, म्हंजी व्हय का नाय? मी म्हणाले, आधी बघायला बोलावलंय आई.

ऑफिसात जाड जॅकेट घातलेले एक साहेब होते. पहिल्यांदा काय बोलले तर, "मॅडम, शाळेतपण लावलाय का अर्ज?" दोन्ही मेल बघितले होते त्यांनी. मला वाटलं संपलं. पण हसत होते. म्हणाले, तसलं पत्र आम्हाला आठवड्यात चार येतात, एकात हॉस्पिटल होतं. चूक कळून तासाभरात दुरुस्त करणारं पहिल्यांदा बघितलं. मग उठले आणि मला सरळ खाली घेऊन गेले. धक्क्याला गाडी लागली होती, आकडा बरोबर दाखवत होती. म्हणाले, भरू का?

मी म्हणाले, थर्मामीटर कुठे आहे?

तिथेच झालं माझं काम. बाकी कागद नंतर बघितले. सोमवारी सहाला हजर झाले, आता सहा महिने होत आले. सासूबाईंनी पोती सोडली, आत खरंच भांडी होती, आणि यांची गावची छत्री.

त्या पहिल्या दिवशी निघताना साहेबांना मी विचारलं होतं, दोन वर्षांचं तुम्ही काहीच विचारलं नाही. ते म्हणाले, लिहिलं होतं की तुम्ही. मग काय विचारायचं?

हे मी ताईंना सांगितलं तर त्या अजून मानत नाहीत. म्हणतात, तुझं नशीब, दुसरा कोणी असता तर ती अर्धी ओळ वाचूनच मेल बंद केला असता, मी बघितलेत तसे. त्या रोज मेल उघडतात, त्यांचं खोटं कसं म्हणू. पण ती ओळ खोडली असती तर साहेबांसमोर माझी बोबडी वळली असती हेपण खरं आहे. तुम्ही असता तर ठेवली असती का ती ओळ, की खोडली असती?