रुखमाबाईचा लाल शेरा

भंडाऱ्याच्या त्या मासिकात संदर्भ तपासणाऱ्या रुखमाबाईले आपण सारे भोळी समजलो, हसा आता! मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या, तलावांच्या धोरणावरचा तिचा लेख संपादक धनंजयरावानं भर बैठकीत परत केला होता. वर लाल शेरा: ‘शासन निर्णयाचा क्रमांक, दिनांक नाही.’ बाई वर्षभर दात धरून बसली.

मग धनंजयरावाचाच लेख तिच्यापुढं आला. शासन निर्णयाचा क्रमांक ४१, दिनांक १२ जून, सालासकट सगळं होतं. तिनं नंतरचा निर्णय शोधला. त्याच्या वरच्या ‘वाचा’ यादीत, जिथं आधीचे निर्णय नोंदवतात, तोच क्रमांक, अन् खाली लिहिलेलं, तो अधिक्रमित, म्हणजे रद्द.

पुढच्या बैठकीत ती उठली. “भाऊ, मेलेला निर्णय काहून उभा करून राहिले?”

“क्रमांक, दिनांक तर बरोबर आहे ना, बाई!”

“मयताची जन्मतारीखही बरोबरच राहते.”

धनंजयरावानं आपला लेख अन् लाल पेन तिच्याकडे सरकवला.