भाकरीचा वाटा

शिळफाट्याच्या अलीकडच्या थाळीच्या हॉटेलात येसाजी बावीस वर्षं आहे. वाढपी म्हणून लागला, आता कॅप्टन. बायको गेल्यापासून खोपोलीच्या खोलीत त्याच्याशी बोलायला कुणी नाही. दुपारी साडेतीनला गिऱ्हाईक ओसरलं की सगळे वाढपी मिळून जेवतात, तेवढीच त्याची पंगत. आणि या शहाण्यानं तीच पणाला लावली.

झालं असं, की बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, असा नियम आला आणि मालकानं चार्ज बंद केला. उरली टीप. ती ज्याच्या हातात पडेल त्याची, असा रिवाज. स्वयंपाकघराला छदामही नाही. येसाजीनं मालकाला गाठून गल्ल्याजवळ पेटी ठेवली. सगळी टीप पेटीत. शनिवारी सर्वांसमोर मोजायची, हजेरीच्या दिवसांप्रमाणे वाटायची. कॅप्टन असो की भांडी घासणारी, एका दिवसाला एकच वाटा. मालकाला काही नाही.

बुधवारी एका पाहुण्यानं हर्षद या वाढप्याच्या टेबलावर पाचशेची नोट काढली आणि पेटीकडे बोट करून येसाजीला विचारलं, "हा सर्व्हिस चार्जच ना, मागच्या दारानं?"

"नाय साहेब. बिलात काय लावलेलं नाय. द्या नायतर नका देऊ, तुमची मर्जी. दिलंत तर आत रांधणाऱ्यांनाबी जातं."

"वाढलं तर यानं."

"भाकरी मैनाआक्कानं थापली. ती बाहेर येत नाय म्हणून दिसत नाय."

पाहुण्यानं नोट पेटीत टाकली. हर्षदचा चेहरा पडला.

"करून करून भागला आणि देवपूजेला लागला," तो ऐकू जाईल असं म्हणाला. त्या दुपारी वाढप्यांनी ताटं उचलून मागच्या ओट्यावर नेली. येसाजी लांबलचक टेबलावर एकटाच जेवला.

स्वयंपाकघर तरी आपलं म्हणेल, एवढीच आशा उरली होती.

शनिवारी पेटी उघडली. आठ हजार आठशे वीस रुपये. अकरा माणसांची मिळून हजेरी त्रेसष्ट दिवस. दिवसाला एकशे चाळीस. सहा दिवस आलेल्या मैनाआक्काच्या हातावर येसाजीनं आठशे चाळीस ठेवले. ती एकोणीस वर्षं त्याच चुलीपुढं बसलेली. पिठाचा हात पदराला पुसून तिनं नोटा दोनदा मोजल्या.

"दर आठवड्याला एवढं येतं व्हय रं?"

"कमीजास्त. पन येतं."

"मंग आजवर कुठं जात हुतं?"

येसाजीला खोटं सुचलं होतं, पण जीभ वळली नाही. "आमीच घेत हुतो आक्का. मीबी."

तिनं नोटा कनवटीला खोचल्या. रागावली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या पोरीची शाळा सुटली तवाबी?"

आक्का आत गेली, आपलं ताट वाढून घेतलं आणि चुलीकडे तोंड करून जेवायला बसली.

पेटी मात्र त्यानं काढली नाही. साडेतीनला तो अजूनही त्या टेबलावर एकटाच जेवतो.