जावयाचं कार्ड

आश्लेषा माझ्या मागच्या बेडरूममध्ये राहायला आली तेव्हा तिच्याकडे दोन सूटकेस, एक कुकर आणि एक लॅपटॉप होता. माझे यजमान गेल्यापासून ती खोली नुसतीच होती. मुलीनं ब्रिस्टलहून सुचवलं, "आई, एखादी लॉजर ठेव, घरात आवाज राहील." आवाज राहिला खरा. आश्लेषा काम करताना मोठ्यानं वाचते.

ती मूळची नागपूरची, पस्तिशीची. इथे इंग्लंडात, ब्रॅकनेलमध्ये हॉलिस अँड वेअर नावाची स्वयंपाकाची भांडी विकणारी कंपनी आहे, तिथे ती नोकरी करते. कंपनीनं तीन वर्षांपूर्वी भारतासाठी वेगळी वेबसाइट काढली. ती इथून चालवणाऱ्यांत मराठी आणि हिंदी जाणणारी ही एकटीच. ऑफिस बसनं वीस मिनिटांवर, तरी आठवड्यातले तीन दिवस ती माझ्या किचनमधल्या टेबलावर बसते, कारण तिच्या खोलीतला रेडिएटर नीट तापत नाही. मी दोनदा प्लंबर बोलावला. तो दोनदा चहा पिऊन गेला.

ऑक्टोबरमध्ये तिच्यावर ब्लॅक फ्रायडेचं काम आलं. नोव्हेंबरच्या शेवटी इथे सगळी दुकानं भाव उतरवतात. तोच सेल भारतातल्या गिऱ्हाइकांसाठी लावायचा होता. एका भाषांतर एजन्सीनं मराठी मजकूर करून पाठवला होता. तिनं तो मला वाचून दाखवला.

"काकू, ऐका. 'काळा शुक्रवार आला! दारं उघडण्याआधी रांगेत उभे राहा!'"

"शुक्रवार लक्ष्मीचा," मी म्हटलं. "त्याला काळा म्हणून हे लोक भांडी विकणार?"

"आणि रांग कसली? दारं कुठली? वेबसाइट आहे ती." ती हसत हसत खोडायला लागली. ब्लॅक फ्रायडे हे नाव शहरात आता ओळखीचं झालंय, म्हणून तेवढं तिनं ठेवलं. काळ्या पाट्यांच्या जागी मात्र हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल रंग घेतला. दिवाळीची खरेदी आटोपलेली असते आणि पगाराला अजून दोन-तीन दिवस असतात, तेव्हा हातात पैसा नसतो. पण तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते, आहेर तर करावाच लागतो. म्हणून तिची ओळ अशी होती: "लग्नसराई सुरू झाली. आहेर आत्ता घ्या, हप्ते पुढच्या पगारापासून." खाली बारीक, पण वाचता येईल अशा अक्षरांत तिनं लिहिलं की व्याजाइतकी सूट आधीच मिळेल, पण त्या व्याजावरचा जीएसटी बँक लावेल. तिची वरिष्ठ हेलन हिला ती बारीक ओळ नको होती. आश्लेषानं ती काढली नाही.

आणि तिनं एक बँक गाठली होती. त्या बँकेच्या क्रेडिट कार्डावर दहा टक्के सूट, एका कार्डावर एकदाच. मुंबईतल्या बँकेच्या माणसांशी ती ऑगस्टपासून बोलत होती. सूट अर्धी बँक देणार, अर्धी कंपनी.

हे सगळं तिच्यासाठी नुसतं काम नव्हतं. हेलननं तिला स्पष्ट सांगितलं होतं, की भारताची वेबसाइट चालू ठेवायची की बंद करायची ते या सेलनंतर ठरेल. बंद झाली तर आश्लेषाची जागा गेली, जागा गेली की व्हिसाची स्पॉन्सरशिप गेली. मग साधारण दोन महिन्यांत दुसरी नोकरी, नाहीतर परतीचं विमान. ती हे बोलायची नाही. एकदाच, डाळीला फोडणी देताना म्हणाली, "काकू, मी गेले तर हा कुकर तुम्हालाच ठेवा."

"माझ्याकडे तीन आहेत," मी म्हटलं.

सेलच्या दोन आठवडे आधी, जुन्या गिऱ्हाइकांपुरती, एक रंगीत तालीम झाली. लोक आले, आहेराचे संच घेतले, बँकेची सूट घेतली. आणि दुसऱ्या दिवशी कळलं की निम्म्याहून जास्त ऑर्डरी कंपनीच्याच यंत्रणेनं रद्द केल्या. कारण एकच: ऑर्डर देणाऱ्याचं नाव आणि कार्डावरचं नाव वेगळं. इंग्लंडमध्ये हे चोरीच्या कार्डाचं लक्षण मानतात. हेलनचा निरोप आला. बँकेची सूट फसव्या लोकांना ओढते आहे, ती बंद करू या, सोमवारी बोलू.

शनिवारी आश्लेषा लंडनमधल्या वेम्बलीला देशी भाजी आणायला गेली. परतली तेव्हा पिशवीत भाजी थोडी आणि हातात घडी घातलेले दोन मोठे खोके होते, घर सोडताना सामान भरायला लागतात तसे, तिथल्या ईलिंग रोडवरच्या वाण्याकडून मागून आणलेले. ते तिनं खोलीच्या दाराआड उभे केले. मी पाहिलं, विचारलं नाही.

रविवारी सकाळी तिच्या सुप्रभामावशीचा नागपूरहून व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होती. मावशींचा चेहरा स्क्रीनच्या इतका जवळ, की नुसतं कपाळ आणि टिकली दिसत होती.

"आशू, तुझ्या त्या इंग्रजाला सांग, माझ्या जावयाला चोर म्हणतो काय!"

"मावशी, झालं काय?"

"शेजारच्या ईराचं लग्न आहे. कढई, तवा, तो झाकणाचा पॅन, सगळा संच घेतला मी. पैसे गेले, ओटीपी आला, सगळं झालं. आणि आज मेल! 'हे कार्ड तुमचंच आहे याची आम्हाला खात्री नाही.' मीही कुठे म्हणते माझं आहे? समरचं आहे!"

"समरचं का वापरलंस?"

"अगं, सूट त्या बँकेच्याच कार्डाला! माझ्याकडे ते कुठलं? फॅमिली ग्रुपवर विचारलं, 'कोणाकडे आहे का रे?' मुलगा म्हणाला, माझं संपलं. ते आधीच त्याच्या सासूनं वापरलं होतं. मग जावईबापूंनी पुण्याहून फोनवर ओटीपी सांगितला. आता त्यांना काय तोंड दाखवू मी?"

मला हसू आवरेना. बँका सतत सांगतात, ओटीपी कुणालाही सांगू नका. पण आपल्या घरांत जावई हा 'कुणी' मध्ये मोडत नाही. मीसुद्धा चाळीस वर्षं यजमानांच्या कार्डावरच खरेदी केली.

आश्लेषा मात्र हसत नव्हती. "मावशी," ती हळूच म्हणाली, "ग्रुपवर आणखी किती जणांनी असं घेतलं?"

"सगळ्यांनीच! एका कार्डाला एकदाच सूट, म्हणजे कार्ड शोधायचंच की!"

फोन ठेवून तिनं लॅपटॉप उघडला. मग कंपनीची ग्राहक-सेवा पुण्यात आहे, तिथल्या प्रमुखांना मेसेज पाठवला, की उद्या सकाळी रद्द झालेल्या गिऱ्हाइकांना फोन करा, आणि एवढंच विचारा, कार्ड कोणाचं होतं.

सोमवारी हेलनबरोबरची मीटिंग आमच्याच किचनमधून झाली. मी ओट्याशी वाटाणे सोलत होते. लॅपटॉपच्या पडद्यावर हेलन होती, आणि फसवणुकीचे व्यवहार तपासणारा कॉलिन नावाचा गृहस्थ.

"ज्यांनी फोन उचलला त्यांची उत्तरं आली आहेत," आश्लेषा इंग्रजीत म्हणाली. "नवऱ्याचं, भावाचं, दिराचं, ऑफिसातल्या मैत्रिणीचं. आणि माझ्या मावशीच्या जावयाचं."

"तुझ्या मावशीच्या?" हेलन म्हणाली.

"ती फार रागावली आहे. तुमच्यावर."

कॉलिन हसला, पण हटला नाही. परक्याच्या नावाचं कार्ड म्हणजे धोका, हा त्याचा वीस वर्षांचा अनुभव होता.

"इथे तुम्ही नाव आणि पत्ता ताडून पाहता," आश्लेषा म्हणाली. "तिकडे अशा कार्ड-खरेदीला बँक कार्डाच्या मालकाच्या फोनवर ओटीपी पाठवते. या सगळ्या ऑर्डरींवर तो बरोबर भरलेला आहे. म्हणजे मालकाला माहीत होतं. आणि बँकेनं असा पडताळलेला व्यवहार खोटा निघाला तर बहुतेक वेळा तो बँकेच्या अंगावर असतो, आपल्या नव्हे. कॉलिन, बरोबर ना?"

"बहुतेक वेळा," कॉलिननं कबूल केलं.

हेलन म्हणाली, "पण वेबसाइटचा कोड आता गोठवलेला आहे. सेलपर्यंत नवीन काही लिहायचं नाही, हा नियम आहे."

"लिहायचं नाहीच. तपासणीचा नियम ही सेटिंग आहे. भारतापुरता बदलायचा: ओटीपी बरोबर असेल तर नाव वेगळं असलं तरी ऑर्डर जाऊ द्या, बाकी शंका वाटली तर रद्द न करता थांबवा, आमची माणसं फोन करतील. टोपलीतला माल तुम्ही दहाच मिनिटं राखून ठेवता, तीही सेटिंग. कार्डवाला जावई मीटिंगमध्ये असला तर दहा मिनिटांत काय होणार? एक तास करा."

"घाई हाच तर या सेलचा जीव आहे," हेलन म्हणाली.

"इथे. तिकडे घरात विचारावं लागतं."

माझ्या हातून एक वाटाणा भांड्यात टणकन पडला.

"आणि आणखी एक," आश्लेषा म्हणाली. "लोकांनी फोनवरून ओटीपी सांगावा हे मला नको आहे. पैशाची लिंक पाठवायची सोय आपल्या पेमेंट कंपनीकडे आधीपासून आहे. ग्राहक-सेवा ती पाठवेल. मी फक्त एक ओळ घालते."

ती ओळ तिनं नंतर मला वाचून दाखवली: "कार्ड घरातल्या दुसऱ्या कुणाचं आहे? पैसे भरण्याची लिंक त्यांनाच पाठवू. ओटीपी त्यांच्याकडेच राहू द्या."

"आणि तुझा अंदाज चुकला तर?" हेलननं विचारलं.

"तर तुम्ही वेबसाइट बंद करणारच आहात," आश्लेषा म्हणाली.

कॉलिन म्हणाला, "मी सेटिंग बदलतो. एका सेलपुरती."

त्या आठवड्यात तिनं आणखी एक चिकट काम केलं. तालमीत रद्द झालेल्या ऑर्डरींमुळे त्या कार्डांची 'एकदाच'ची सूट वापरली गेल्याची नोंद बँकेत झाली होती. मुंबईच्या मागे लागून तिनं ती परत खुली करून घेतली. "नाहीतर समरचं कार्ड दुसऱ्यांदा नापास," ती म्हणाली.

सेल भारताच्या मध्यरात्री सुरू व्हायचा होता, म्हणजे आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला. मी पिठलं-भात केला होता. तिनं घास घेतला नाही. ऑर्डरी यायला लागल्या, नावं वेगळी, कार्डं वेगळी, आणि न अडता पुढे जात राहिल्या. काही थांबल्या. त्यातल्या दोन-तीन खरंच फसव्या निघाल्या, कॉलिननं त्या पकडल्या आणि तसं अभिमानानं कळवलं. लिंका तर इतक्या मागितल्या गेल्या, की पुण्याची माणसं पुरेनात आणि काही गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली. आश्लेषा कपाळाला हात लावून म्हणाली, "हे मला आधी सुचायला हवं होतं." मग थंड पिठलं खाल्लं, दोनदा मागून.

पुढच्या बुधवारी हेलनचा फोन आला. वेबसाइट आणखी एक वर्ष चालेल, पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा पाहू. आश्लेषानं "थँक यू" म्हटलं आणि फोन ठेवून तिच्या खोलीतल्या रेडिएटरला टेकून उभी राहिली, तो गार असूनही.

संध्याकाळी मावशींनी फोटो पाठवला. लाल कागदात बांधलेला आहेर, शेजारी ईरा, मागे पुण्याहून आलेला समर. खाली लिहिलं होतं, "जावईबापू खूश. पॅनचं झाकण जरा सैल आहे, इंग्रजाला सांग."

रात्री मी रिसायकलिंगचा डबा बाहेर काढायला गेले, तर त्यात ईलिंग रोडवरच्या वाण्याचे दोन खोके होते, नीट फाडून, सपाट करून ठेवलेले. मी झाकण लावलं. आत आल्यावर प्लंबरला तिसऱ्यांदा फोन करायचं ठरवलं. आता तो रेडिएटर दुरुस्त करणं भागच होतं.